चार शुद्धिपत्रके, एक टिपण: निविदेची चालू स्थिती लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, नवी मुंबई परिसरात महापालिका, सिडको आणि इतर शासकीय कार्यालयांच्या निविदा भरणाऱ्या ठेकेदारांसाठी, त्यांच्या निविदा लिपिकांसाठी आणि सल्लागारांसाठी हे पान आहे. निविदा निघते तेव्हा एक असते आणि उघडली जाते तेव्हा वेगळीच झालेली असते. मधल्या शुद्धिपत्रकांचा आणि मुदतवाढींचा हिशेब एका कागदावर कसा मांडायचा, एवढाच विषय येथे घेतला आहे.

स्थिती टिपण म्हणजे शुद्धिपत्रकांची यादीच ना?

नाही. यादी वाचून काय काय बदलले ते कळते. निविदा भरणाऱ्याला मात्र आज काय लागू आहे ते हवे असते. 'शुद्धिपत्रक दोननुसार अंतिम तारीख ३ सप्टेंबर, मुदतवाढीनुसार १० सप्टेंबर, शुद्धिपत्रक तीननुसार १५ सप्टेंबर' असे लिहून दिले, तर वाचणाऱ्याने घाईत पहिली तारीख उचलली म्हणून त्याला दोष देता येत नाही. टिपणात एकच तारीख ठळक हवी आणि ती कोणत्या कागदातून आली ते शेजारी हवे. जुन्या तारखा खाली इतिहासात जातात.

दुसरा फरक याहून मोठा आहे. शुद्धिपत्रक ज्या कलमाला हात लावते तेवढेच बोलते, पण त्या कलमावर टेकलेल्या इतर अटी त्याच वेळी गुपचूप हलतात. अंदाजपत्रकीय रक्कम वाढली की अनुभवाची किमान रक्कम वाढते, आणि अंतिम तारीख सरकली की बँक हमीची मुदत सरकते. यातले काहीच शुद्धिपत्रकात लिहिलेले नसते. निविदा अपात्र ठरतात त्या बहुधा अशा न लिहिलेल्या बदलांमुळे, म्हणून टिपणाची खरी मेहनत तिथेच असते.

कागद कुठून आणि कसे गोळा करायचे?

निविदा ज्या पोर्टलवर भरायची आहे तेथूनच. राज्यातील बहुतेक कार्यालयांसाठी ते mahatenders.gov.in आहे. निविदा सूचना क्रमांकावर शोधू नका, Tender ID वर शोधा. एका सूचनेत सात-आठ कामे असतात आणि प्रत्येकाचा आयडी वेगळा असतो. 'अ.क्र. ३ व ५ साठी शुद्धिपत्रक' असे मोघम शीर्षक असले की सूचना क्रमांकावर काम करणारा ते आपल्या चौथ्या कामालाही लावून मोकळा होतो.

निविदेचे पान उघडल्यावर तीन गोष्टी उतरवून घ्या: मूळ निविदा संच, शुद्धिपत्रकांच्या यादीतील प्रत्येक पीडीएफ, आणि त्या क्षणी दिसणाऱ्या Critical Dates तक्त्याचा स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत. तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडतात. हा तक्ता नेहमी ताजी तारीख दाखवतो, आधीच्या तारखा त्यावरून पुसल्या जातात. पुढे पीडीएफ आणि पोर्टल यांत विसंगती निघाली, तर त्या दिवशी पोर्टलवर काय होते याचा दुसरा पुरावा तुमच्याजवळ नसतो.

महापालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा वृत्तपत्रात आलेली सूचना वाचायला हरकत नाही, पण टिपणाचा आधार ती नसावी. मूळ सूचना पेपरात येते, तिची शुद्धिपत्रके मात्र फक्त पोर्टलवर येतील असे सूचनेतच लिहिलेले असते. ते वाक्य शोधून टिपणाच्या माथ्यावर ठेवा.

एखादे उदाहरण घेऊन सांगता येईल का?

पुढची सगळी उत्तरे एकाच उदाहरणावर आहेत. काम आणि आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, गुंता मात्र नेहमीचा आहे.

नवी मुंबईतील एका विभागात आरसीसी पावसाळी गटार आणि पदपथाचे काम. निविदा ४ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. अंदाजपत्रकीय रक्कम २,४०,००,००० रुपये. बयाणा रक्कम 'अंदाजपत्रकीय रकमेच्या १ टक्का, म्हणजे २,४०,००० रुपये', बँक हमीनेही चालेल. प्रश्न पाठवण्याची मुदत ११ ऑगस्ट सायंकाळी ५, पूर्वनिविदा बैठक १२ ऑगस्ट सकाळी ११, निविदा सादर करण्याची अंतिम वेळ २५ ऑगस्ट दुपारी ३, उघडण्याची २६ ऑगस्ट दुपारी ४. निविदेची वैधता अंतिम तारखेपासून १२० दिवस, बँक हमी वैधता संपल्यावर आणखी ४५ दिवस जिवंत हवी. समान काम म्हणजे 'आरसीसी गटार बांधकाम'.

त्यानंतर पोर्टलवर चार नोंदी आल्या.

११ ऑगस्टला 'शुद्धिपत्रक क्र. १' आले: पूर्वनिविदा बैठक १४ ऑगस्टला.

२१ ऑगस्टला 'शुद्धिपत्रक क्र. २' आले, त्यात पाच बाबी: (१) गटाराच्या बाबीचे परिमाण ६०० ऐवजी ८४० रनिंग मीटर, (२) अंदाजपत्रकीय रक्कम २,५८,००,००० रुपये, (३) सुधारित बीओक्यू, (४) अंतिम वेळ ३ सप्टेंबर दुपारी ३ आणि उघडणे ४ सप्टेंबर दुपारी ४, (५) समान काम 'आरसीसी गटार किंवा काँक्रीट रस्ता बांधकाम' असे वाचावे.

१ सप्टेंबरला 'मुदतवाढ क्र. १' आली: अंतिम वेळ १० सप्टेंबर दुपारी ३. 'इतर अटी व शर्ती कायम.'

९ सप्टेंबरला 'शुद्धिपत्रक क्र. ३' आले: शुद्धिपत्रक क्र. २ मधील अ.क्र. ५ रद्द समजावा. कागदपत्र उतरवून घेण्याची आणि निविदा सादर करण्याची अंतिम वेळ १५ सप्टेंबर दुपारी ३, उघडणे १६ सप्टेंबर दुपारी ४.

या चार कागदांवर काम कोठून सुरू करायचे?

आधी आपले क्रमांक द्या. कार्यालयाचे 'शुद्धिपत्रक क्र. ३' येथे पोर्टलवरची चौथी नोंद आहे, कारण मधली मुदतवाढ वेगळ्या क्रमाने मोजली गेली. टिपणात पोर्टलवरच्या क्रमाने श-१ ते श-४ अशी खूण करा आणि कंसात कार्यालयाने दिलेले नाव लिहा. हे केले नाही तर 'तिसरे शुद्धिपत्रक पाहिले का?' या फोनवरच्या प्रश्नाला दोघे जण दोन वेगळे कागद हातात धरून 'हो' म्हणतात.

मग प्रत्येक कागद फोडा. एका ओळीत एकच बदल: कोणते कलम, मूळ मजकूर काय, नवा मजकूर काय, कोणत्या खुणेतून आला. श-२ च्या पाच बाबी म्हणजे पाच ओळी, आणि बाब ४ मध्ये दोन तारखा आहेत म्हणून खरे तर सहा. 'श-२ नुसार सुधारित' अशी एकच ओळ ठेवली, तर श-४ ने त्यातली पाचवी बाब रद्द केल्यावर नेमके काय खोडायचे ते कळत नाही.

मूळ मजकूर संचातून शब्दशः उचला. शुद्धिपत्रकाच्या 'ऐवजी' स्तंभात दिलेला मूळ मजकूर आणि संचातला मजकूर कधी कधी जुळत नाही, कारण टंकलेखक दुसऱ्या निविदेचा नमुना वापरतो. तसे आढळले तर बदल कोणत्या कलमाला लागतो हाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर स्वतः ठरवू नका, ते टिपणातल्या शंकांच्या भागात टाका.

नंतरच्या शुद्धिपत्रकाने आधीचे सगळे रद्द होते का?

होत नाही. नंतरचा कागद ज्या बाबीबद्दल बोलतो तेवढीच बदलते. श-४ ने श-२ मधली फक्त पाचवी बाब काढली, म्हणून ८४० मीटर, नवी अंदाजपत्रकीय रक्कम आणि सुधारित बीओक्यू तसेच उभे आहेत.

'रद्द समजावा' या शब्दांचा परिणाम नीट लिहिला पाहिजे. बदल रद्द झाला की त्याआधीचा मजकूर परत येतो. म्हणून टिपणात 'समान कामाची अट रद्द' असे लिहिणे चुकीचे. बरोबर ओळ अशी: 'समान काम म्हणजे आरसीसी गटार बांधकाम (मूळ कलम पुन्हा लागू, श-२ बाब ५ श-४ ने रद्द)'. २१ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर या काळात फक्त काँक्रीट रस्त्यांचा अनुभव असलेल्या ठेकेदाराने तयारी केली असेल, तर तो ९ तारखेला पुन्हा बाहेर गेला. त्याला हे त्याच दिवशी कळले तर हमीचा आणि कागदपत्रांचा पुढचा खर्च वाचतो.

मुदतवाढीत एकच तारीख दिली असेल तर बाकीच्या तारखांचे काय?

त्या आपोआप सरकल्या असे धरू नका. मुदतवाढ आली की सगळ्या तारखा एकेक करून विचारा: कागदपत्र उतरवून घेण्याची शेवटची वेळ, प्रश्न पाठवण्याची शेवटची वेळ, बैठक, सादर करण्याची वेळ, उघडण्याची वेळ.

उदाहरणात दोन ठिकाणी घोळ आहे. श-१ ने बैठक १४ ऑगस्टला नेली, पण प्रश्न पाठवण्याची मुदत ११ ऑगस्टच राहिली. बैठक दोन दिवस पुढे गेली म्हणून प्रश्नही दोन दिवस पाठवता येतील असे वाटते, प्रत्यक्षात पोर्टलवर ती खिडकी ११ ऑगस्टच्या संध्याकाळीच बंद झाली. टिपणात लिहायचे: 'प्रश्न पाठवण्याची मुदत वाढवलेली नाही, ११ ऑगस्ट सायंकाळी ५.'

दुसरा घोळ श-३ चा. त्याने सादर करण्याची तारीख १० सप्टेंबर केली, पण कागदपत्र उतरवून घेण्याची Document Download / Sale End Date पोर्टलवर ३ सप्टेंबर दुपारी ३ अशीच राहिली असे समजा. ज्यांनी संच आधीच उतरवला होता त्यांना काही जाणवत नाही. ४ सप्टेंबरला निविदेकडे वळलेल्या नव्या ठेकेदाराला मात्र बीओक्यू मिळतच नाही, आणि कागदावर त्याला अजून सहा दिवस दिसत असतात. हे लक्षात येताच कार्यालयाला लेखी कळवावे लागते. तोंडी सांगण्याने पोर्टलवरची तारीख बदलत नाही. उदाहरणात श-४ ने ही तारीख दुरुस्त केली. दुरुस्त होईपर्यंत टिपणाच्या पहिल्याच ओळीत ही अडचण असायला हवी होती.

सुट्टीचाही एक मुद्दा आहे. 'उघडण्याच्या दिवशी सुट्टी आल्यास पुढचा कामाचा दिवस' असे कलम बहुतेक संचांत असते, पण ते उघडण्यापुरते आहे की सादर करण्यालाही लागू आहे ते वाचून लिहा. पोर्टल सुट्टी पाळत नाही, दिलेल्या मिनिटाला बंद होते. आणि सुट्टी कोणत्या जिल्ह्याची तेही पाहा. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची शासकीय सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ ऐवजी ८ सप्टेंबरला दिली गेली, ठाणे जिल्ह्यात ती ५ सप्टेंबरलाच होती. बेलापूरला हमीची मूळ प्रत द्यायला जाणाऱ्याने मुंबईची यादी पाहून दिवस ठरवला, तर त्याचा दिवस फुकट जातो.

तारीख सरकली तर बँक हमीवर नेमका काय परिणाम होतो?

मोजून पाहू. मूळ अंतिम तारीख २५ ऑगस्ट. त्यात १२० दिवस मिळवले की वैधता २३ डिसेंबर २०२५ ला संपते. पुढचे ४५ दिवस धरले की हमी ६ फेब्रुवारी २०२६ पर्यंत हवी. तयारीचा ठेकेदार बँकेत लवकर जातो आणि ६ फेब्रुवारीची हमी ऑगस्टमध्येच काढून ठेवतो.

आता चालू अंतिम तारीख १५ सप्टेंबर. १२० दिवसांनी १३ जानेवारी २०२६, आणि त्यापुढे ४५ दिवसांनी २७ फेब्रुवारी २०२६. हातातली हमी २१ दिवसांनी तोकडी आहे. चारपैकी एकाही शुद्धिपत्रकात 'बँक हमी' हा शब्द नाही, तरी तांत्रिक लिफाफ्याच्या छाननीत हीच बाब पहिल्यांदा पाहिली जाते.

बँकेकडून हमीची मुदत वाढवून घेता येते, पण सुधारणापत्र हातात यायला काही दिवस लागतात. म्हणून प्रत्येक मुदतवाढीनंतर टिपणात 'हमी किमान या तारखेपर्यंत' ही ओळ नव्याने मोजून द्या आणि दिवसांचा हिशेबही दाखवा, म्हणजे वाचणारा तो पडताळू शकेल. संचातले शब्द मात्र तपासा. वैधता 'सादर करण्याच्या अंतिम तारखेपासून' आहे की 'उघडण्याच्या तारखेपासून', यावर एक-दोन दिवस इकडे-तिकडे होतात. हमी काढताना आठवडाभर जास्तीची मुदत घेतली तर हा वाद उद्भवतच नाही.

अंदाजपत्रकीय रक्कम वाढली तर पात्रतेला धक्का बसतो का?

बसतो, आणि हा या उदाहरणातला सर्वांत महाग बदल आहे.

समान कामाच्या अनुभवाची अट अनेक निविदांत टक्क्यांत असते: गेल्या ७ वर्षांत प्रत्येकी ४० टक्के रकमेची तीन कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक. मूळ २ कोटी ४० लाखांवर हे आकडे ९६ लाख, १ कोटी २० लाख आणि १ कोटी ९२ लाख होते. गटार २४० मीटरने वाढले आणि मीटरमागे ७,५०० रुपये धरल्यावर १८ लाखांची भर पडून रक्कम २ कोटी ५८ लाख झाली. आता तेच टक्के १ कोटी ३ लाख २० हजार, १ कोटी २९ लाख आणि २ कोटी ६ लाख ४० हजार होतात.

ज्याच्याजवळ प्रत्येकी १ कोटीची तीन कामे आहेत तो ४ ऑगस्टला पात्र होता आणि २१ ऑगस्टला अपात्र झाला. शुद्धिपत्रकात पात्रतेचे कलम आलेच नाही, त्यामुळे त्याला ते दिसलेही नाही. टिपणात टक्के न लिहिता रुपये लिहा, आणि शेजारी 'टक्के तेच, पाया बदलला' अशी नोंद ठेवा.

बयाण्याचे कोडे वेगळे आहे. संचात टक्काही दिला आहे आणि आकडाही. १ टक्का धरला तर आता २,५८,००० रुपये लागतात. आकडा धरला तर २,४०,००० रुपये, आणि पोर्टलवरही तेवढेच दिसते. टिपण लिहिणाऱ्याने येथे न्यायाधीश होऊ नये. 'पोर्टलवर २,४०,०००, कलमानुसार १ टक्का म्हणजे २,५८,०००, स्पष्टीकरण मागितले, उत्तर प्रलंबित' एवढे लिहावे. बँक हमीच द्यायची असेल तर जास्त रकमेची काढणे शहाणपणाचे. फरक १८ हजारांचा आहे आणि त्यावर अडीच कोटींचे काम टांगणीला ठेवण्यात अर्थ नाही. ऑनलाइन भरणाऱ्याला मात्र पोर्टल मागेल तेवढेच भरता येते, म्हणून त्याला कार्यालयाचे लेखी उत्तर हवेच.

अनुभवाची '७ वर्षे' मुदतवाढीने सरकतात का?

कलमातल्या एका शब्दावर अवलंबून आहे. 'निविदा मागवल्याच्या महिन्याच्या आधीच्या महिन्याअखेर' असे असेल तर पाया ऑगस्ट २०२५ आहे. कालावधी १ ऑगस्ट २०१८ ते ३१ जुलै २०२५, आणि कितीही मुदतवाढी आल्या तरी तोच. 'सादर करण्याच्या अंतिम तारखेच्या आधीच्या महिन्याअखेर' असे असेल तर अंतिम तारीख सप्टेंबरमध्ये गेल्यावर कालावधी १ सप्टेंबर २०१८ ते ३१ ऑगस्ट २०२५ होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पूर्ण झालेले काम त्यातून गळते, ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झालेले आत येते. टिपणात दोन्ही टोकांच्या तारखा लिहा. 'गेली ७ वर्षे' एवढे लिहून काही कळत नाही.

पोर्टलवर एक तारीख आणि पीडीएफमध्ये दुसरी असेल तर कोणती खरी?

निविदा स्वीकारली जाणार की नाही हे पोर्टलचे घड्याळ ठरवते, म्हणून सादर करण्याच्या वेळेबाबत दोन्हींपैकी जी आधी येते ती पाळा आणि विसंगती लेखी कळवा. इतर अटींसाठी सही झालेले शुद्धिपत्रक महत्त्वाचे. संचात 'विसंगती आढळल्यास अमुक ग्राह्य' असे अग्रक्रमाचे कलम असेल तर ते सगळ्यात वर. टिपणात दोन्ही तारखा दाखवायची एवढी एकच जागा आहे, आणि तीही विसंगती मिटेपर्यंतच.

तारीख वाचतानाही जपा. १०/०९/२०२५ हे आपल्याकडे १० सप्टेंबर, पण एक्सेलच्या काही मांडणीत ते ९ ऑक्टोबर होते. टिपणात महिना नेहमी अक्षरांत आणि वेळ 'दुपारी ३ (१५:००)' अशी लिहा.

बीओक्यू बदलला आणि आमची निविदा आधीच भरून झाली असेल तर?

पुन्हा सादर करावी लागते. नवी बीओक्यू फाइल पोर्टलवरून उतरवा, तिचे नाव बदलू नका, दर नव्याने भरा आणि निविदा पुन्हा सादर करा. जुन्या फाइलमधून दर चिकटवताना नव्याने आलेली ओळ रिकामी राहते किंवा दर एका ओळीने खाली सरकतात, हे नेहमी घडते. एकूण रक्कम हाताने एकदा जुळवून पाहा.

एक गोष्ट ठळक लिहायची: पुन्हा सादर करणे आणि मागे घेणे या दोन वेगळ्या कृती आहेत. अंतिम वेळेपर्यंत निविदा कितीदाही पुन्हा सादर करता येते. एकदा Withdraw केली की त्या निविदेत परत भाग घेता येत नाही. घाईत चुकीचे बटण दाबले जाऊ नये म्हणून बीओक्यू बदलल्यावरच्या टिपणात ही ओळ असतेच असे धरा.

पूर्वनिविदा बैठकीत अभियंत्याने सांगितलेले टिपणात घ्यायचे का?

तोंडी सांगितलेले नाही. बैठकीनंतर कार्यालय सीएसडी, म्हणजे सामायिक बदलांचा संच, किंवा उत्तरांचा तक्ता पोर्टलवर टाकते. तो टाकला की शुद्धिपत्रकासारखाच फोडून घ्या. त्यात तीन प्रकारची उत्तरे असतात. 'कलम असे वाचावे' हा बदल. 'निविदेतील अटीप्रमाणे' म्हणजे काही बदल नाही. आणि 'नोंद घेतली' किंवा 'तपासून कळवण्यात येईल' हे उत्तरच नाही, ते शंकांच्या भागात जाते आणि पुढच्या शुद्धिपत्रकात त्याचे काही झाले का ते पाहावे लागते.

तयार टिपण दिसते कसे?

एका पानात मावावे. उदाहरणातले टिपण असे होईल:

> स्थिती: ९ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ६ पर्यंत पोर्टलवर दिसलेल्या ४ नोंदींनुसार
> Tender ID: (पूर्ण आयडी)
> निविदा सादर करण्याची अंतिम वेळ: सोमवार, १५ सप्टेंबर २०२५, दुपारी ३ (१५:००) [श-४]
> कागदपत्र उतरवून घेणे: १५ सप्टेंबर दुपारी ३ पर्यंत [श-४]
> उघडणे: १६ सप्टेंबर दुपारी ४ [श-४]
> प्रश्न पाठवणे: मुदत संपली, ११ ऑगस्ट [मूळ, वाढवलेली नाही]
> अंदाजपत्रकीय रक्कम: २,५८,००,००० रुपये [श-२]
> बीओक्यू: २१ ऑगस्टची सुधारित फाइल, गटार ८४० रनिंग मीटर [श-२]
> समान काम: आरसीसी गटार बांधकाम [मूळ पुन्हा लागू, श-४]
> हिशेबाने बदललेले: अनुभव ३ × १,०३,२०,००० किंवा २ × १,२९,००,००० किंवा १ × २,०६,४०,००० रुपये, वैधता १३ जानेवारी २०२६, हमी किमान २७ फेब्रुवारी २०२६
> न सुटलेले: बयाणा २,४०,००० की २,५८,०००, लेखी विचारणा केली आहे
> मूळ संच आणि शुद्धिपत्रके हीच बंधनकारक. हे टिपण वाचनाच्या सोयीसाठी.

'हिशेबाने बदललेले' हा भाग वेगळा ठेवण्याचे कारण असे की तो लिहिणाऱ्याचा अर्थ आहे, कार्यालयाचा शब्द नाही. दोन्ही सरमिसळ केली तर वाचणाऱ्याला कशाची खातरजमा करायची ते समजत नाही.

टिपण किती वेळा अद्ययावत करायचे?

नवी नोंद आली की लगेच, आणि नोंद नसली तरी अंतिम तारखेच्या आधीचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पोर्टल पाहून. मुदतवाढी शेवटच्या एक-दोन दिवसांत येतात, उदाहरणातली श-४ आदल्या दिवशीच आली. पाहिले आणि काही नव्हते, तरी माथ्यावरची वेळ बदला. ती ओळ तीन दिवस जुनी असेल, तर टिपण बरोबर असूनही त्यावर विसंबता येत नाही.

नवे टिपण निघाले की जुन्याला 'रद्द' शिक्का मारून मगच नवे पाठवा आणि फाइलच्या नावातच तारीख-वेळ ठेवा. व्हॉट्सॲपवर जुनी प्रत फिरत राहते, नावावरून तरी ती ओळखू यायला हवी.

मुदतवाढ येणार अशी खबर असेल तर लिहायची का?

नाही. पोर्टलवर येईपर्यंत जुनीच तारीख लागू. 'साहेब म्हणाले वाढणार आहे' यावर थांबलेला ठेकेदार दुपारी ३ नंतर काही करू शकत नाही.

निविदा रद्द होऊन फेरनिविदा निघाली तर तेच टिपण पुढे चालवायचे का?

जुने टिपण 'रद्द, अमुक तारखेची नोंद' असे लिहून बंद करा. फेरनिविदेला नवा आयडी असतो, नवा संच असतो, आणि मागची शुद्धिपत्रके तिला लागत नाहीत. आधीचे बदल नव्या संचात मिसळले असतील असे वाटते, पण ते कलमागणिक तपासावे लागते. उदाहरणातली निविदा फेर निघाली आणि नव्या संचात पुन्हा ६०० मीटर छापले गेले, तर लागू आहे ६०० मीटरच. ८४० ची आठवण काढून प्रश्न पाठवता येतो, आणि तो प्रश्न पाठवण्याची मुदत संपण्यापूर्वी पाठवायचा.